मध्यान्हपूर्व रुजू, पुढचं कोतवालाला विचारा

पुण्यातल्या आयटी कंपनीत नोकरी लागलेल्या मुलाला हल्ली कामावर जाण्याआधीच मोबाइलवर रंगीत कार्डांची एक माळ येते. तिला कॅरोसेल म्हणतात. बोटानं एकेक कार्ड सरकवत जायचं. लॅपटॉप कुठून घ्यायचा, पहिल्या आठवड्यात कोणाला भेटायचं, सकाळची बैठक किती वाजता, डबा कुठं खायचा, सगळं त्यात असतं. शेवटच्या कार्डावर हसरे चेहरे आणि ‘आपल्या कुटुंबात स्वागत’.

त्याच मुलाची सांगलीकडची चुलत बहीण तलाठी परीक्षा पास होऊन अकोला जिल्ह्यातल्या एखाद्या तालुक्यात रुजू होते, तेव्हा तिच्या हाती नियुक्ती आदेश पडतो. त्यात स्वागताचं वाक्य नसतं, अटी आणि शर्ती असतात. आणि ही नोकरी काही वाटेत पडलेली नव्हती. २०२३ च्या भरतीत राज्यभरातल्या ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. गुणांचं सामान्यीकरण असं झालं की २०० गुणांच्या परीक्षेत एका उमेदवाराला २१४ गुण पडले. म्हणजे या खात्यात आकडा आणि वस्तुस्थिती यांची गाठ कुठं पडते आणि कुठं सुटते, याचं पहिलं प्रशिक्षण निकालाच्या यादीतच उरकलं होतं.

तेव्हा या बहिणीसाठी कोणी अशी कार्डांची माळ करायची म्हटलं, तर तिच्यात काय असेल?

पहिल्या कार्डावर एकच शब्द असेल: मध्यान्हपूर्व. तहसील कार्यालयात गेल्यावर तिनं आस्थापना शाखेत रुजू अहवाल द्यायचा. त्यात ‘आज दिनांक अमुक रोजी मध्यान्हपूर्व रुजू होत आहे’ असं लिहायचं. घरून निघताना बस चुकली, मूर्तिजापूरला गाडी बदलावी लागली आणि दुपार कलली, तर तोच शब्द ‘मध्यान्होत्तर’ होतो आणि पगार दुसऱ्या दिवसापासून सुरू. घड्याळ असं दोनच शब्दांत वाचणाऱ्या कचेऱ्या जगात फार नसतील. आस्थापनेतले बाबू मात्र यात मुरलेले असतात. मान वर न करता ते विचारतात, “सिव्हिल सर्जनचं सर्टिफिकेट आनलं काय? चारित्र्य पडताळणी? जातवैधता?” आणलंय म्हटलं तर पुढचा प्रश्न, “झेरॉक्स किती हायेत?” झेरॉक्स तीन असल्या तर चार लागतात, चार असल्या तर पाच. इथं गणित असंच आहे आणि झेरॉक्सचं दुकान तहसिलीच्या फाटकासमोर का असतं, हेही तिला त्याच दिवशी कळतं.

दुसरं कार्ड साधनांचं. आयटीवाल्या भावाला पहिल्या दिवशी लॅपटॉप मिळाला आणि संध्याकाळपर्यंत पासवर्ड चालू झाला. बहिणीच्या कामालाही लॅपटॉप आणि प्रिंटर लागतात, शिवाय पेनड्राइव्हसारखी दिसणारी डिजिटल स्वाक्षरीची चावी लागते, जिला सगळे डीएससी म्हणतात. फेरफाराचं सारं काम ई-फेरफार या संगणक प्रणालीत चालतं. त्यात शिरायला ओळख लागते ती सेवार्थ क्रमांकाची. हा क्रमांक पगाराच्या प्रणालीत नाव चढल्यावर मिळतो. नाव चढायला कागद पूर्ण लागतात. कागद पूर्ण व्हायला, वर सांगितल्याप्रमाणे, एक झेरॉक्स कमी असते. त्यामुळे पहिल्या आठवड्यात तिच्याकडे गावं असतात, लोक असतात, तक्रारी असतात. नसतो तो फक्त आत शिरायचा रस्ता.

मग साधन म्हणून हाती काय येतं? दप्तर. साझ्याचा कारभार आधी शेजारच्या साझ्याच्या तलाठ्याकडे अतिरिक्त असतो. तो बिचारा दोन साझ्यांत वाटला गेलेला असतो आणि नवीन माणूस आला म्हणताच त्याच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो, त्याला तोड नाही. तो चार्ज यादी काढतो आणि एकेक वही मोजून देतो. गावाच्या हिशेबाचे नमुने १ ते २१. यातला सातवा आणि बारावा मिळून जगप्रसिद्ध सातबारा होतो. आठ-अ म्हणजे खातेदाराच्या नावावरची सगळी जमीन एका जागी. सहा म्हणजे फेरफाराची नोंदवही, सहा-क वारसांची. पंधरावा नमुना बारनिशीचा, म्हणजे आलेल्या-गेलेल्या कागदांचा. आणि विसावा नमुना, हसू नये, पोस्टाच्या तिकिटांच्या नोंदीचा. डिजिटल सहीच्या चावीची वाट पाहणारी मुलगी पहिल्या दिवशी पोस्टाच्या तिकिटांची वही ताब्यात घेते, यात महसूल खात्याचा सगळा इतिहास आला.

इथं शहाण्या माणसानं एक करावं. चार्ज यादीवर सही करण्यापूर्वी वह्या उघडून पाहाव्यात. शेवटचा फेरफार क्रमांक कोणता, त्यातले किती अजून प्रमाणित व्हायचे, कोणत्यावर हरकत आली आहे, हे आपल्या हातानं वेगळ्या कागदावर लिहून घ्यावं. कारण सही झाली की जुनं राहिलेलं काम नव्या माणसाचं होतं आणि गावात कोणी असं म्हणत नाही की हे आधीच्या साहेबांचं आहे. गाव म्हणतं, “मॅडम, तुमच्याकडे येऊन रायलो ना आमी.”

तिसरं कार्ड माणसांचं, आणि खरी माळ इथून सुरू होते. आयटीच्या कार्डावर ‘तुमचा मार्गदर्शक’ म्हणून एक हसरा चेहरा असतो, बहुधा तोही सहा महिन्यांपूर्वी लागलेला. साझ्यावर हे पद कोतवालाचं. सरकारनं अलीकडे त्यांना महसूल सेवक केलं. तलाठ्याचा ग्राम महसूल अधिकारी झाला, ग्रामसेवकाचा ग्रामपंचायत अधिकारी, कृषी सहायकाचा सहायक कृषी अधिकारी. अख्खं गावपातळीवरचं प्रशासन बढती न होता अधिकारी झालं. वऱ्हाडातल्या माणसाला मात्र याचा काही फरक पडला नाही, कारण तो तलाठी या नावालाही अजून सरावलेला नाही. १९५६ साली हा मुलूख मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, तरी इथं पटवारी तो पटवारीच राहिला. खुद्द तलाठ्यांची इथली संघटनाही विदर्भ पटवारी संघ याच नावाची. त्यामुळे नव्या अधिकारी बाई गावात आल्या की पारावरून आवाज येतो, “पटवारी मॅडम आल्या व्हय.”

कोतवालकाका मॅडमना घेऊन गाव दाखवायला निघतात. हा फेरा म्हणजेच कॅरोसेल. फरक इतकाच, की इथली कार्डं बोलतात आणि मागे सरकवता येत नाहीत.

“हे पोलीस पाटील. यायले विचारल्याबिगर पंचनाम्यावर पंच भेटत नाई.” पुढं सरकायचं. “ह्या सरपंचबाई. अन् हे त्यायचे मालक, बोलतेत हेच.” पुढं. “ते तिकडे बसले ना पारावर, पांढरी टोपीवाले, त्यायचा अन् ह्या समोरच्याचा धुऱ्याचा वाद हाय. दोघायसंगही चहा घेऊ नका आज. एकाचा घेतला तं दुसरा म्हंते मॅडम त्यायच्याकडून हायेत.” चहा हा एवढा मोठा प्रशासकीय निर्णय असू शकतो, हे कोणत्याही प्रशिक्षणात सांगत नाहीत.

धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध, हे सांगलीकडून आलेल्या मुलीला अर्ध्या तासात कळतं. तो वर्षाला वीतभर इकडे किंवा तिकडे सरकतो, हे कळायला एक पावसाळा लागतो. आणि नव्या माणसाची ठरलेली फजिती इथंच होते. दोन शेजारी येऊन म्हणतात, “मॅडम, तुमी फक्त टेप धरा.” मॅडम उत्साहात टेप धरतात. ते काम त्यांचं नव्हेच. हद्दीची मोजणी भूमी अभिलेख खातं करतं, रीतसर अर्ज आणि फी भरल्यावर. पटवाऱ्याच्या सातबारावर क्षेत्र लिहिलेलं असतं, धुरा कुठून जातो ते लिहिलेलं नसतं. ज्यानं एकदा टेप धरली, त्याला पुढं दोन्ही शेजारी साक्षीदार मानतात आणि दोघंही फितूर मानतात. कोतवालकाका अशा वेळी लांब उभे राहून खोकतात. तो खोकला ओळखायला शिकणं हे पहिल्या आठवड्यातलं फार मोठं शिक्षण.

आता या आठवड्यातलं एक प्रकरण सावकाश पाहू, कारण नोकरी कळते ती अशाच प्रकरणात. मंगळवारी दोन भाऊ येतात. वडील वारले. वावर चार एकर. नव्या मॅडम सातबारा काढतात, तर त्यावर १.६२. भाऊ चपापतात, “चार एकराचं दीड काहून झालं?” सातबारा हेक्टर आणि आर यांत बोलतो. एक हेक्टर ६२ आर म्हणजे चार एकरच. चाळीस गुंठ्यांचा एकर मनात ठेवून हेक्टर वाचायचा, आणि समोरच्याला परत एकरात सांगायचा, ही कसरत वऱ्हाडातला पटवारी दिवसभर करतो.

भावांनी मृत्यूचा दाखला आणलाय, अर्ज लिहून आणलाय. अर्जात वारस तीन: आई आणि दोघं भाऊ. मॅडम कागद घेऊन बारनिशीत चढवणार, तेवढ्यात कोतवालकाका छताकडे पाहत पुटपुटतात, “इमल अकोटले दिली ना तुमची?” भाऊ गप्प. मग एक जण म्हणतो, “तिचं लगन झालं ना, मॅडम. तिले हिस्सा नाई पायजे, तिनंच सांगतलं.”

तिनं सांगितलं असेलही. पण १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात मुलगी ही पहिल्या वर्गातली वारस आहे, लग्न झालेली असो वा नसो. तेव्हा वारसांच्या नोंदीत चौघांची नावं लागणार: आई, दोन भाऊ, बहीण. बहिणीला हक्क खरोखर सोडायचा असेल, तर त्याची वेगळी वाट आहे. तिनं दुय्यम निबंधकाकडे जाऊन हक्कसोडपत्र नोंदवायचं, मग त्याचा वेगळा फेरफार होतो. आधी नाव लागतं, मग ते कमी होतं. न लावताच कमी करण्याची सोय कायद्यात नाही, घरात असेल.

दुसरा घोटाळा याहून साधा. चार एकर, चार वारस, म्हणून भाऊ म्हणतात, “मंग एकेक एकर लिहून टाका.” वारसाची नोंद म्हणजे वाटणी नव्हे. सातबारावर चौघांची नावं सामाईक लागतात, क्षेत्र १.६२ एकत्रच राहतं. वाटणी करायची तर तिचा वेगळा अर्ज तहसीलदाराकडे, जमीन महसूल अधिनियमाच्या ८५ व्या कलमाखाली. नव्या माणसाकडून गावकरी पहिल्या आठवड्यात जे करून घ्यायला पाहतात, त्यात हे पहिल्या क्रमांकावर असतं. जुन्या पटवाऱ्याला कोणी विचारतसुद्धा नाही.

अर्ज दुरुस्त झाला. मॅडम गृहभेट देऊन, चार जाणत्यांना विचारून चौकशी करतात आणि कागद पुढं जातो. पण नोंद घालायला ई-फेरफार हवं, आणि मॅडमचा सेवार्थ क्रमांक अजून वाटेत आहे. मग तोच सुटकेचा श्वास टाकून गेलेला शेजारचा तलाठी पुन्हा बोलावला जातो. त्याच्या चेहऱ्यावरचा उजेड मावळतो. गुरुवारी नमुना ६ मध्ये नोंद पडते, चौघांना नोटिसा निघतात, एक प्रत चावडीवर लागते. संगणकाच्या ‘आपली चावडी’वर तीच नोटीस कोणालाही बघता येते. यानंतर हरकतीसाठी पंधरा दिवस. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद तपासून प्रमाणित करतात आणि मगच सातबारा बदलतो. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जातं, सुनावणी होते, आणि तारखांचा महिना कोणता ते सांगता येत नाही.

राहिलं दिनक्रमाचं कार्ड. भावाच्या कार्डावर ‘सकाळी ९.३० : छोटी बैठक’ असं लिहिलेलं होतं. बहिणीच्या दारात सकाळी सातलाच दोन माणसं उभी असतात, कारण साडेसातची एसटी पकडून त्यांना अकोल्याला दवाखान्यात जायचं असतं आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी अहवाल हवा असतो. साझ्याच्या कार्यालयावर कोणत्या वारी कुठल्या गावी याचा फलक असतो. पण तो फलक पाऊस, निवडणूक, मंत्र्यांचा दौरा आणि तहसिलीतून आलेला ‘तातडीचे’ असा निरोप यांच्या अधीन असतो. निवडणूक नसली तर मतदारयादी असते. तेही नसलं तर रात्री वाळूच्या गाड्यांवर गस्त असते.

दुपारचं ऊन हा वेगळा अधिकारी. उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो. चौकशी सकाळी आटोपावी किंवा चारनंतर करावी, मधल्या वेळात वावरात फक्त नवे लोक दिसतात. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांच्या खारपाणपट्ट्यात पाण्याची बाटली सोबत ठेवावी, विहिरीचं पाणी खारट असतं. पाहुणी म्हणून कोणी तांब्या पुढं केला, तर एक घोट घेऊन चेहरा सरळ ठेवावा. गाव तेवढ्यावर माणूस जोखतं.

खरिपात ई-पीक पाहणी येते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्यानं स्वतःच्या वावरात उभं राहून मोबाइलवर फोटोसह पिकाची नोंद करायची असते. घोषणा छान होती: ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीकपेरा’. वऱ्हाडात मात्र सोयाबीनच्या ओळी आणि मध्ये तुरीच्या ओळी असतात. मोबाइल विचारतो मुख्य पीक कोणतं, आणि शेतकरी विचारतो, “दोनही हायेत, आता यातलं मुख्य म्या कोनतं सांगू?” अंजनगाव सुर्जी आणि अकोटकडे पानपिंपरीचे मळे आहेत. तो वेल ओळखायला सांगलीच्या मुलीला एकदा मळ्यातच जावं लागतं. तिकडे मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याला बदली झालेल्या तिच्या सहकाऱ्याचा प्रश्न निराळाच. पीक आहे, शेतकरी आहे, मोबाइलही आहे, पण सिग्नल टेकडीवर आहे आणि शेत खाली आहे.

आणि एका रात्री जोरात पाऊस पडतो. मंडळात २४ तासांत ६५ मिलीमीटरच्या वर पडला की ती अतिवृष्टी. सकाळी तलाठी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी, हे तिघं नवे-जुने अधिकारी चिखलातून पंचनाम्याला निघतात. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर आहे की खाली, हे ठरवायचं असतं. ज्याचं वावर उंचावर आहे आणि फारसं गेलं नाही, तो सगळ्यात मोठ्यानं बोलतो. ज्याचं सगळं वाहून गेलं, तो बहुतेक वेळा धुऱ्यावर उभा असतो आणि त्याला नाव विचारावं लागतं. यादी करताना आवाजावरून नव्हे, वावरावरून करायची, एवढं जिला पहिल्याच फेरीत समजलं, ती पुढं चांगली पटवारीण होते, असा जुन्या मंडळ अधिकाऱ्यांचा अनुभव आहे.

हे सगळं पुढचं. पहिला आठवडा तरी शुक्रवारी संपतोच. भावानं तोवर कंपनीचा मग हातात धरून फोटो टाकलेला असतो. बहिणीचा पगार मात्र अजून लांब असतो, कारण पगार निघायलाही तोच सेवार्थ क्रमांक लागतो. कोतवालकाका सांगतात, “घाबरू नका मॅडम, पयला पगार उशिराच निघते. निंघते मात्र बराबर.” तोवर खोलीभाडं, मेस आणि झेरॉक्स घरच्यांच्या पैशावर.

ज्यांच्या गावी असे नवे पटवारी आले असतील, त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. घरात कोणी वारलं असेल तर तीन महिन्यांच्या आत वारसाचा अर्ज द्यावा, आणि त्यात बहिणींची नावं पहिल्याच कागदावर लिहावीत. आणि आठवड्याभरात सातबारा करून देतो असं कोणी सांगितलं, तर त्याच्या हाती पैसे ठेवू नयेत. नोटिशीचे पंधरा दिवस कायद्यातच आहेत. ते मंत्रालयालाही कमी करता येत नाहीत, मग पारावरच्या दलालाला कसे येतील?